टाचदुखी दर लग्नसराईत परत का येते? दिवसभर उभं राहणाऱ्यांनी बूट आणि इनसोल कसे निवडावेत

सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा टोचल्यासारखी कळ. दहा-पंधरा पावलं चालल्यावर ती कमी होते. दुपारी जेवून उठलं की पुन्हा तीच कळ, आणि रात्री दुकान बंद करताना टाच ठणकत असते. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, कुठल्याही बाजारपेठेत कापडाच्या, भांड्यांच्या किंवा सराफी दुकानात उभं राहून काम करणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आखाजीच्या आगेमागे लग्नसराई जोरात असते तेव्हा माझ्याकडे असे पाय रांगेने येतात. त्यातले बरेच जण मागच्या वर्षीही आलेले असतात. मधे सहा-आठ महिने बरं वाटलेलं असतं, नवी चप्पल घेतलेली असते, आणि सीझन लागला की दुखणं पुन्हा हजर.

हे दुखणं बहुतेक वेळा प्लांटर फॅसायटिसचं असतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो, तो म्हणजे प्लांटर फॅसिया. तळव्याची कमान हाच पट्टा तोलून धरतो. तासन् तास उभं राहिलं की तळव्यातले छोटे स्नायू थकतात, कमान थोडी थोडी खाली बसते आणि सगळा ताण या पट्ट्यावर येतो. टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटलेला असतो, तिथे, टाचेच्या तळाशी थोडं आतल्या बाजूला, तो दुखावतो. अंगठ्याने तिथे जोरात दाबलं की नेमकी तीच कळ येते. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट.

आपल्याकडे मात्र याचं निदान घरोघरी एकच असतं: ‘टाचेचं हाड वाढलंय.’ एक्स-रे काढला की टाचेला पुढे आलेलं टोक दिसतं, आणि मग माणसाच्या डोक्यात बसतं की हाड टोचतंय, त्याला गादी हवी. असं टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसतं. ज्यांची टाच पूर्ण बरी होते त्यांचंही ते टोक तसंच राहतं. पण एकदा ‘हाड टोचतं’ हे पटलं की माणूस दुकानात जाऊन सगळ्यात मऊ चप्पल मागतो, आणि दुखणं परत येण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

एका ताईंच्या पिशवीतली पायताणं

गेल्या वर्षी धुळ्यातल्या एका साडीच्या दुकानात काम करणाऱ्या ताई आल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी दहा ते रात्री नऊ ड्युटी, लग्नसराईत आणखी उशीर. उजवी टाच. पहिलं वाक्यच त्यांनी अहिराणीत सांगितलं, “सकायले पाय टेकाले भ्याव वाटस.” त्यांना म्हटलं, उद्या येताना तुम्ही वापरता ती सगळी पायताणं पिशवीत घालून आणा. टाचदुखीच्या प्रत्येकाला मी हेच सांगते. तपासणीत जेवढं कळतं तेवढंच त्या पिशवीतूनही कळतं.

पिशवीत तीन जोड होते. एक ‘डॉक्टर चप्पल’ म्हणून मिळते ती, फोमची, बोट रुतेल इतकी मऊ. दुसरी सपाट बेली, तिच्यात टाचेखाली सिलिकॉनचं पॅड चिकटवलेलं. तिसरा मेमरी फोमचा, लेस नसलेला, पाय सरकवून घालायचा बूट. ताईंचं म्हणणं, प्रत्येकाने सुरुवातीला दोन-तीन आठवडे छान वाटलं, मग पुन्हा पूर्वपदावर.

तिन्हींवर मी त्यांच्यासमोर तीन साध्या चाचण्या केल्या. तुम्हीही दुकानात उभ्या उभ्या करू शकता.

पहिली चाचणी टाचेच्या मागच्या भिंतीची. बुटाच्या मागच्या बाजूला, टाच जिथे बसते तिथे, अंगठ्याने आत दाबा. चांगल्या बुटात ही भिंत कडक असते, आत दबत नाही. ती टाचेला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते आणि टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी बाजूला पसरू देत नाही. ताईंच्या मेमरी फोमच्या बुटाची ही भिंत कागदी पुठ्ठ्यासारखी चेपली गेली. चप्पल आणि बेलीचा तर प्रश्नच नव्हता.

दुसरी चाचणी वाकवण्याची. एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने पुढचं टोक धरून बूट वाकवा. तो बोटांच्या मुळाशी, म्हणजे चालताना पाय जिथे वाकतो तिथेच वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर तो कमानीला काहीच आधार देत नाही. ताईंचा बूट मधोमध दुमडून टाच टोकाला टेकली. बेलीही तशीच.

तिसरी चाचणी पिळण्याची. दोन्ही टोकं धरून उलट दिशांना पिळा. थोडा पीळ चालतो, पण सहज गुंडाळला जाणारा तळ दिवसभर उभं राहण्याच्या कामाचा नाही.

तिन्ही जोड तिन्ही चाचण्यांत नापास झाले. मग पहिले दोन-तीन आठवडे बरं कसं वाटायचं? नवा मऊ फोम टाचेवरचा थेट दाब कमी करतो, ते खरं आहे. पण काही आठवड्यांत तो टाचेखाली दबून बसतो. आणि तो ताजा असतानाही कमान खाली जाण्याचं थांबवत नाही, उलट मऊ तळावर पाय सतत डगमगतो आणि तोल सावरायला त्या पट्ट्यालाच जास्त काम पडतं. मऊपणा हवा, पण आधाराच्या वर दिलेला पातळ थर म्हणून.

खरा गुन्हेगार पिशवीत नव्हताच

चाचण्या झाल्यावर मी ताईंना विचारलं, दिवसाचे किती तास कोणत्या पायताणात जातात? हिशेब केला तेव्हा त्या स्वतःच गप्प झाल्या. रस्त्यावर, येण्या-जाण्यात, जेमतेम तासभर. घरी सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक, धुणीभांडी, तीनेक तास, फरशीवर अनवाणी. आणि दुकानात? दुकानात गादीवर साड्या पसरतात, म्हणून चपला दाराशी. दिवसाचे दहा तास ग्रॅनाइटवर अनवाणी. म्हणजे वर्षभरात घेतलेल्या तिन्ही जोडांना त्यांच्या टाचेची सेवा करायची संधी रोज एक तास मिळत होती.

त्यात भर म्हणजे वरच्या फळीवरून गठ्ठा काढायचा तर चवड्यांवर उभं राहून, बोटं वाकवून. बोटं वर वाकतात तेव्हा तळव्याचा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो आणि ताठ होतो. शरीराची ती सोयच आहे, पाऊल उचलताना तळवा कडक व्हावा म्हणून. पण दुखावलेल्या पट्ट्याला दिवसातून शंभर वेळा पूर्ण वजनानिशी असा ताण दिला तर तो बरा कधी होणार? ताईंना म्हटलं, बूट घ्यायच्या आधी दोन पायऱ्यांचं स्टूल घ्या.

म्हणून टाचदुखी परत येत असेल तर सगळ्यात आधी कागद घ्या आणि एका साध्या दिवसाचे तास लिहून काढा: कोणत्या जमिनीवर, कोणत्या पायताणात, किती वेळ. सगळ्यात मोठा आकडा जिथे येईल, तिथला इलाज आधी. बहुतेकांचा हा आकडा दुकानात किंवा स्वयंपाकघरात निघतो, आणि पैसे मात्र रस्त्यावरच्या बुटावर खर्च झालेले असतात.

ताईंना वाटत होतं शेठ कधीच परवानगी देणार नाहीत. त्यांनी शेठना सांगितलं की एक बूट दुकानातच ठेवीन, तो बाहेर कधीच जाणार नाही, तळ रोज पुसून घेईन, आणि गादीवर चढताना काढीन. शेठ हो म्हणाले. सगळीकडे हे होईल असं नाही. सराफी दुकानात किंवा मंदिराच्या कामात अनवाणीच राहावं लागतं. तिथे उभं राहायच्या जागी दाट रबराची मॅट हाच पहिला उपाय. बोटाने दाबली तर थोडी दबावी आणि लगेच वर यावी, एवढी घट्ट. पाय रुतेल इतका जाड फोम नको. तिच्याशेजारी वीतभर उंचीपेक्षा थोडी कमी अशी एक फळी किंवा पाट ठेवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पाय त्यावर, मग दुसरा. घोट्याला आणि कमरेलाही त्याने आराम मिळतो.

मग बूट कोणता?

तीन चाचण्या पास होणारा बूट निवडल्यावर आणखी दोनच गोष्टी बघा. एक, टाच चवड्यापेक्षा थोडी उंच असावी, साधारण 8 ते 12 मिलीमीटर. चालण्याच्या किंवा पळण्याच्या बऱ्याच बुटांत एवढी उंची असतेच. तेवढ्याने पोटरीची ओढ कमी होते, आणि पोटरी आखडलेली असली की टाचेवरचा ताण वाढतोच. याहून उंच हील मात्र नको, वजन चवड्यावर जातं. अगदी सपाट कोल्हापुरी किंवा झिजलेली हवाई चप्पल दुखणं असेपर्यंत बाजूला ठेवा. कोल्हापुरीवर माझा राग नाही, पण दुखऱ्या टाचेला ती दहा तास झेपत नाही.

दोन, आतला सुकतळा निघणारा असावा. ही गोष्ट दुकानदारही विसरतात. सुकतळा चिकटवलेला असेल आणि तुम्ही त्याच्यावर इनसोल घातलं तर पाय आत उंच होतो, टाच मागच्या कडक भिंतीच्या वर येते, घसरते, आणि बोटांना वर जागा उरत नाही. ताईंच्या बेलीत सिलिकॉनचं पॅड घातल्यावर टाच निसटायची ती याचमुळे. निसटू नये म्हणून त्या बोटांनी बेली घट्ट धरून चालायच्या, म्हणजे तळव्याला पुन्हा जास्तीचं काम.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहिल्यावर पाय फुगलेला असतो तेव्हा. कामावर जे मोजे घालता तेच घालून, आणि इनसोल आधी घेतलं असेल तर ते बुटात टाकून. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ताई कित्येक वर्षं एकच नंबर मागत होत्या. कागदावर उभं करून पाय आखला तेव्हा एक नंबर मोठा आणि रुंद साचा लागला. वयानुसार, बाळंतपणानंतर, वजन वाढल्यावर पाय पसरतो. दर वेळी मोजूनच घ्या.

आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा दिवसभर बंद बूट घालणं जिवावर येतं. अशा वेळी मागे पट्टा असलेला सँडल चालतो, पण त्याचा तळ वाकवण्याच्या आणि पिळण्याच्या चाचणीत पास झाला पाहिजे, टाच बसायला खोलगट जागा हवी आणि कमानीखाली उंचवटा हवा. पट्टे घट्ट-सैल करता आले पाहिजेत. मागे पट्टा नसलेली कोणतीही चप्पल बोटांनी धरावी लागते, म्हणून दिवसभराच्या कामाला ती नको. बंद बूट घालणार असाल तर जाळीच्या कापडाचा घ्या, आणि जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा. एका दिवसाच्या विश्रांतीत घाम सुकतो आणि फोमही थोडा पूर्ववत होतो. एक सांभाळा: बूट गच्चीवर किंवा गाडीच्या बंद डिकीत उन्हात ठेवू नका. बुटांच्या तळात जो हलका फोम असतो तो उष्णतेने आकसतो, चिकटवलेलं सुटतं, आणि चांगला बूट दोन महिन्यांत निकामी होतो. एप्रिल-मे मध्ये असे आखडलेले बूट बरेच दिसतात.

टाचेवर टोचणारे दाणे असलेली एक्युप्रेशर चप्पल लोक हौसेने घेतात. दुखऱ्या जागेवरच तिचे दाणे दाबतात. मी ती सरळ बंद करायला सांगते.

इनसोल: कोणतं, आणि बसलं की नाही कसं ओळखायचं

बुटाची भिंत आणि तळ भक्कम असेल तरच इनसोलचा उपयोग. ढिल्या बुटात सगळ्यात महागडं इनसोलही पायाबरोबर वाकतं. म्हणून क्रम तोच ठेवा, आधी बूट, मग इनसोल.

दुकानात मिळणारे प्रकार ढोबळमानाने तीन. सिलिकॉनचं फक्त टाचेचं पॅड. पूर्ण लांबीचा सपाट मऊ जेल किंवा फोम. आणि कमानीखाली घट्ट आधार व टाचेला खोल कप असलेलं इनसोल. दिवसभर उभं राहणाऱ्या आणि टाचेच्या आतल्या बाजूला कळ असणाऱ्या माणसाला तिसरं घ्यायला मी सांगते. कमानीचा भाग दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा. थोडा लवावा, पण सपाट होऊ नये. सपाट झाला तर तुमच्या वजनाखाली तो दहा मिनिटंही टिकणार नाही. सिलिकॉनच्या पॅडचा उपयोग वेगळ्या लोकांना होतो: ज्यांच्या टाचेची चरबीची गादी वयाने पातळ झाली आहे आणि दुखणं टाचेच्या अगदी मधोमध, ठेचल्यासारखं, चालत राहिलं की वाढणारं असतं. ते वापरायचंच तर दोन्ही बुटांत घाला, एका पायाला नाही, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर धरते.

माप घेऊन बनवलेली इनसोल हवीत का? त्यांची किंमत तयार इनसोलच्या कितीतरी पट असते. अभ्यासांत दोन्हींची तुलना झाली आहे आणि साध्या प्लांटर फॅसायटिसमध्ये फार मोठा फरक दिसलेला नाही. म्हणून आधी तयार, चांगलं इनसोल घ्या. पायाची ठेवण खूपच वेगळी असेल, अगदी सपाट किंवा खूप उंच कमान असेल, किंवा मधुमेहाने संवेदना कमी झाली असेल तर मात्र मापाचं करून घ्यावं.

बसवताना बुटाचा जुना सुकतळा काढा, नव्या इनसोलवर ठेवा, टाच टाचेला जुळवा, आणि जास्तीचा भाग फक्त बोटांच्या बाजूने कापा. टाचेकडून कधीच कापू नका. मग उभं राहून बघा. इनसोलच्या उंचवट्याचा सगळ्यात वरचा भाग तुमच्या कमानीखालीच आला पाहिजे. तो टाचेच्या पुढच्या कडेला टोचत असेल तर इनसोल लहान आहे. अंगठ्याच्या मागच्या गाठीखाली दाबत असेल तर मोठं. पाय आणि बूट लांबीने सारखे असूनही टाचेपासून अंगठ्याच्या गाठीपर्यंतचं अंतर माणसागणिक वेगळं असतं, म्हणून नंबर जुळला तरी इनसोल जुळतंच असं नाही.

पहिल्याच दिवशी पूर्ण ड्युटी नको. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग रोज तासाभराने वाढवत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण वेळ. या काळात कमानीत थोडं अवघडल्यासारखं वाटणं सामान्य आहे. पण दोन आठवड्यांनीही कमानीच्या मधोमध दुखत असेल, तर आधार तुमच्यासाठी जास्त उंच किंवा जास्त कडक आहे. बोटांना मुंग्या येत असतील तर बूट वरून घट्ट झाला आहे. लेस सैल करून बघा, नाहीतर रुंद साचा घ्या. टाचेच्या मागे फोड येत असेल तर पाय भिंतीच्या वर गेला आहे, म्हणजे इनसोल जाड आहे किंवा खालचा सुकतळा काढायचा राहिला आहे. गुडघा किंवा कंबर नव्याने दुखायला लागली तर वापर अर्ध्यावर आणा आणि हळू वाढवा.

फरक पडतोय की नाही हे मनाने ठरवू नका. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ शून्य ते दहात किती, आणि ड्युटी संपताना किती, हे दोन आकडे रोज कॅलेंडरवर लिहा. ताईंचा सकाळचा आकडा सात होता. पहिले दहा दिवस तो हललाच नाही आणि त्या नाराज झाल्या. सहाव्या आठवड्यात तीन झाला. संध्याकाळचा आकडा उशिरा उतरला. इनसोलचा निकाल सहा आठवड्यांआधी लावू नका.

घरी, आणि पट्ट्यासाठी थोडा व्यायाम

घरातली फरशी मोजणीत धरायलाच हवी. पलंगाजवळ एक आधाराचा सँडल ठेवा, फक्त घरातला, धुतलेला, आणि सकाळी पाय जमिनीला लागायच्या आधी घाला. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही अशी बरीच घरं आहेत, आणि देवघराचा मान आपण सगळेच राखतो. देवापुढची दहा मिनिटं अनवाणी राहिल्याने काही बिघडत नाही. ओट्यासमोरच्या दीड तासाने बिघडतं. तिथे घरातला सँडल चालत नसेल तर मॅट टाका.

पलंगावरून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा आणि तळव्यातला पट्टा ताठ झाल्याचं दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपा. दहा मोजेपर्यंत धरा, दहा वेळा करा. दिवसातून तीनदा, पण सकाळचं चुकवू नका.

दुसरा व्यायाम ताकदीचा, आणि दुखणं परत येऊ नये म्हणून मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन, कठडा धरून टाच वर उचला: तीन मोजत वर, वर दोन मोजेपर्यंत थांबा, तीन मोजत खाली. सुरुवात दोन्ही पायांनी, जमायला लागलं की एका पायाने. बाराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वाढला तर फेऱ्या कमी करा. आणि हो, मी वर चवड्यांवर उभं राहू नका म्हटलं आणि आता तेच सांगते आहे. फरक असा की हा ताण मोजून दिलेला असतो, मधे विश्रांतीचा दिवस असतो, आणि पट्टा त्याला सरावत जातो.

सीझन लागला की दुखणं परत का येतं

बरं वाटलं की इनसोल कपाटात जातं, व्यायाम सुटतो, आणि बूट मात्र तोच राहतो. मग लग्नसराईत आठ तासांचे एकदम बारा तास होतात. पट्ट्याला एवढी उडी झेपत नाही. सीझनच्या दीड-दोन महिने आधी व्यायाम पुन्हा सुरू करा, म्हणजे आखाजीसाठी फेब्रुवारीपासूनच. त्याच वेळी बूट तपासा. तो टेबलावर ठेवून मागून बघा: एका बाजूला कललेला दिसला, तळाच्या फोमवर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या, किंवा मागची भिंत आता दबू लागली असेल, तर त्याचं आयुष्य संपलं. फक्त टाचेचं खालचं रबर झिजलं असेल तर मोचीदादांकडून बदलून घेता येतं. रोज दहा तास वापरलेला बूट साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. वरून चकचकीत दिसतो म्हणून तो चांगला आहे असं समजू नका. इनसोलची कमानही तशीच अंगठ्याने दाबून बघा.

ताईंनी यंदा तसंच केलं. सीझनमध्ये सकाळचा आकडा दोनच्या वर गेला नाही, फक्त एका लग्नाच्या आठवड्यात, घरचंच कार्य होतं आणि सपाट चपला घातल्या होत्या, तेव्हा चार झाला आणि पुन्हा उतरला.

बूट-इनसोलने सुटणार नाही असं दुखणं

बहुतेकांची टाचदुखी वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरी होते. पण काही खुणा दिसल्या तर बूट बदलत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली की जोरात दुखते, तर टाचेच्या हाडाला बारीक तडा असू शकतो. तळव्यात मुंग्या, बधिरपणा किंवा जळजळ असेल तर नस दबलेली असू शकते. रात्री झोपेतही दुखतं, टाच लाल होऊन सुजली आहे, ताप आहे, किंवा उभं असताना अचानक काही तुटल्यासारखं होऊन चालता येईना, तर त्याच दिवशी जा. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो, त्याची रक्ततपासणी लागते.

टाचेत इंजेक्शन घेऊन मोकळं व्हावं असं सीझनमध्ये अनेकांना वाटतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण वारंवार घेतलं तर टाचेची चरबी पातळ होण्याचा आणि पट्टा फाटण्याचा धोका असतो. ते घेऊन दुसऱ्याच दिवशी बारा तास उभं राहणं तर नकोच.

आणि मधुमेह असेल तर गरम पाण्यात पाय बुडवणं, तापलेल्या विटेने शेकणं हे घरगुती उपाय करू नका. चटका बसलेला कळत नाही. नवीन बूट किंवा इनसोल घातल्यावर पहिले पंधरा दिवस रोज रात्री तळवे आणि टाचेची मागची बाजू आरशात बघा, किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो बूट दुसऱ्या दिवशी घालू नका.